वर्णन कुठे संपतं आणि विश्लेषण कुठे सुरू होतं: एका परिच्छेदाचे पाच खर्डे

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षी माझा एक टर्म पेपर तपासून परत आला. पूर्ण पेपरभर समासात पेन्सिलीने एकच शब्द लिहिला होता: ‘मग?’ मोजून अकरा ठिकाणी. स्पेलिंगची चूक नाही, संदर्भाची चूक नाही, आकडे बरोबर. नुसतं ‘मग?’

मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. मी महिनाभर वाचून, टिपणं काढून तो पेपर लिहिला होता. मग मी काय केलं, तर आणखी माहिती घातली. सोळा पानांचा पेपर बावीस पानांचा झाला. दुसऱ्यांदा परत आला तेव्हा ‘मग?’ चौदा ठिकाणी होतं.

तुमच्यापैकी जे पेट देऊन सिनॉप्सिसच्या तयारीत आहेत त्यांना हे वेगळ्या शब्दांत ऐकायला मिळेल: “लेखन वर्णनात्मक आहे, विश्लेषण वाढवा.” हे वाक्य सगळे गाइड म्हणतात, पण वाढवायचं म्हणजे नक्की कोणत्या वाक्याचं काय करायचं हे सहसा कुणी सांगत नाही. म्हणून आज व्याख्या वगैरे बाजूला ठेवू आणि एकच परिच्छेद घेऊन तो पाच वेळा लिहून बघू. विषय माझ्या त्याच टर्म पेपरचा आहे: ऊसतोड मजुरांच्या मुलांची शाळा. इथले परिच्छेद मी या लेखासाठी रचले आहेत, पण पहिले चार जवळजवळ तसेच मी स्वतः लिहिलेले आहेत आणि नंतर ज्युनियर्सच्या पेपरांतही वाचलेले आहेत.

पहिला खर्डा

> बीड जिल्ह्यातून दरवर्षी मोठ्या संख्येने मजूर ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकात स्थलांतर करतात. दिवाळीच्या सुमारास ते गाव सोडतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. मुकादम त्यांना हंगामापूर्वी उचल देतो. नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. मजुरांसोबत त्यांची मुलेही जातात. त्यामुळे मुलांच्या शिक्षणाचे नुकसान होते. शासनाने हंगामी वसतिगृहे सुरू केली आहेत, तरीही ही समस्या कायम आहे.

यातलं एकही वाक्य चूक नाही. आता एक छोटा प्रयोग करा. उचलीचं वाक्य पहिलं घ्या, कोयत्याचं शेवटी टाका, वसतिगृहाचं मध्ये घाला. परिच्छेद थोडा खडबडीत होईल, पण मोडणार नाही. कारण वाक्यं एकमेकांवर उभी नाहीत, नुसती शेजारी शेजारी ठेवलेली आहेत. वर्णन ओळखायची माझी पहिली चाचणी हीच आहे. विश्लेषणाच्या परिच्छेदातलं तिसरं वाक्य उचलून पहिल्या जागी ठेवलं तर ते लंगडं पडतं, कारण ते दुसऱ्या वाक्याच्या आधाराने चालत असतं.

तुम्ही म्हणाल, पण यात ‘त्यामुळे’ आहे ना? आहे. पण ते काय जोडतं बघा. मूल चार-पाच महिने गावात नसतं, त्यामुळे गावातली शाळा बुडते. हे न सांगताही कळतं. ‘त्यामुळे’ हा शब्द आला म्हणजे कार्यकारणभाव आला असं नाही. मजा म्हणजे ज्या ठिकाणी खरोखर ‘का?’ विचारण्यासारखं काही आहे (वसतिगृह असूनही मुलं का जातात?) तिथे आपण ‘तरीही’ म्हणून पुढे निघून गेलो.

दुसरा खर्डा

‘विश्लेषण वाढवा’ म्हटल्यावर आपण बहुतेक जण जे करतो ते असं:

> ऊसतोड मजूर टायरगाडी, ट्रॅक्टर व ट्रक अशा वेगवेगळ्या टोळ्यांमध्ये काम करतात. मजुरी टनावर ठरते. एखाद्या दिवशी काम केले नाही तर ‘खाडा’ म्हणून रक्कम कापली जाते. हंगामाअखेर उचल फिटली नाही तर उरलेली बाकी पुढील हंगामावर जाते. मजूर कारखान्याच्या परिसरात कोपी बांधून राहतात. तेथे पाणी, वीज व शौचालयांची सोय अपुरी असते.

माहिती जास्त बारीक झाली आणि चांगली झाली, हे खरं. यातला खाड्याचा आणि टनाचा तपशील पुढे आपल्याला फार उपयोगी पडणार आहे. पण शाळेच्या प्रश्नाशी त्याचा संबंध काय, हे वाचणाऱ्यावर सोडलेलं आहे. सोळा पानांची बावीस पानं होतात ती अशी.

तिसरा खर्डा

यानंतर कुणीतरी सिनियर सांगतो, “अरे, थिअरी कुठाय?” मग आपण थिअरी आणतो.

> ऊसतोड मजुरांचे स्थलांतर हे नवउदारमतवादी भांडवलशाहीने निर्माण केलेल्या संरचनात्मक हिंसेचे उदाहरण आहे. या प्रक्रियेत शैक्षणिक वंचिततेचे पिढ्यानपिढ्या पुनरुत्पादन होते आणि मजूर कुटुंबे परिघावर ढकलली जातात.

हा खर्डा वाचायला भारदस्त वाटतो आणि म्हणून जास्त फसवतो. चाचणी अशी: ‘ऊसतोड मजूर’ काढून ‘वीटभट्टी मजूर’ घाला. मग ‘बांधकाम मजूर’ घाला. वाक्य प्रत्येक वेळी तेवढंच खरं राहतं. म्हणजे या वाक्याने ऊसतोडीबद्दल असं काहीच सांगितलेलं नाही जे फक्त ऊसतोडीला लागू होतं. मोठ्या संकल्पनेने आपल्या सामग्रीला हात लावलेला नाही, तिच्यावर लेबल चिकटवलंय. लेबल लावणं हेही वर्णनच, फक्त महागड्या शब्दांतलं.

थिअरी नको असं मी म्हणत नाहीये. ‘पुनरुत्पादन’ ही संकल्पना बोर्द्यूने शाळेच्या संदर्भात वापरली तेव्हा तो एक यंत्रणा दाखवत होता: शाळा ज्या गोष्टींना गुणवत्ता मानते त्या काही घरांतल्या मुलांना घरीच मिळालेल्या असतात. तुमच्या पेपरातही ती संकल्पना यायची असेल तर कोणती गोष्ट कुठून कुठे जाते हे दाखवावं लागेल. नुसता शब्द आणून भागत नाही.

चौथा खर्डा

इथे मी माझ्या टर्म पेपरातलं वाक्य जवळजवळ जसंच्या तसं देतोय. मला ते लिहिल्याचं अजून वाईट वाटतं.

> मुलांच्या गळतीचे प्रमुख कारण पालकांचे अज्ञान हे आहे. बहुतांश पालक अशिक्षित असल्याने त्यांना शिक्षणाचे महत्त्व कळत नाही. त्यामुळे ते मुलांना शाळेत ठेवण्याऐवजी सोबत घेऊन जातात.

हे रूपाने विश्लेषणच आहे. कारण सांगितलंय, परिणाम सांगितलाय, वाक्यं एकमेकांवर उभी आहेत. जागा बदलून बघा, मोडतील. म्हणजे आपली पहिली चाचणी हा परिच्छेद पास होतो. तरीही तो चूक आहे. आणि ही चूक मला समासातल्या पेन्सिलीने दाखवली नाही.

पेपर वर्गात वाचायचा होता. माझा एक मित्र मागच्या बाकावर बसला होता. त्याचे आईवडील ऊसतोडीला जायचे, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. वाचन संपल्यावर तो म्हणाला, “एक विचारू? माझे आईबाप जूनपासून दिवाळीपर्यंत मला रोज शाळेत पाठवायचे. मग जूनमध्ये त्यांना शिक्षणाचं महत्त्व कळायचं आणि नोव्हेंबरात विसरायचं का?”

वर्ग हसला. तो हसला नाही.

त्याचा प्रश्न भावनिक नव्हता, अगदी तांत्रिक होता. पालकांचं शिक्षण बारा महिने तेवढंच असतं. मुलाची हजेरी मात्र वर्षाच्या मध्येच कोसळते. जी गोष्ट वर्षभर बदलत नाही ती मध्येच घडलेल्या बदलाचं कारण एकटी कशी असेल? फार तर ती इतर कशाच्या तरी जोडीने काम करत असेल, उदाहरणार्थ वसतिगृहाचा अर्ज भरणं, मुख्याध्यापकांकडे पाठपुरावा करणं अशा ठिकाणी. पण तसं असेल तर तसं लिहावं लागेल आणि दाखवावं लागेल. ‘अज्ञान’, ‘जागरूकतेचा अभाव’, ‘मानसिकता’ हे शब्द तुमच्या खर्ड्यात कारणाच्या जागी बसलेले दिसले, की तिथे थांबा. हे शब्द बहुतेक वेळा अभ्यासकाचं काम संपवतात आणि दोष मात्र ज्यांचा अभ्यास चाललाय त्यांच्या पदरात टाकतात. माझा पहिला खर्डा निदान निरुपद्रवी होता. चौथा तसा नव्हता.

पाचवा खर्डा

मित्राच्या प्रश्नानंतर मी मूळ प्रश्नच बदलला. ‘मुलं शाळा का सोडतात’ हा प्रश्न फार रुंद आहे, त्याला सगळीच उत्तरं बसतात: गरिबी, निरक्षरता, धोरण, भांडवलशाही. त्याऐवजी असं विचारून बघा: एकाच घरातलं कोणतं मूल सोबत जातं आणि कोणतं मागे राहतं? आईबाप तेच, गरिबी तीच, उचल तीच. तरी एक मूल गावी आजीजवळ आणि दुसरं फडावर. म्हणजे सगळी मोठी कारणं आपोआप स्थिर झाली. आता जो फरक उरला त्याचं कारण शोधायचंय.

मी त्याच मित्राला हे विचारलं. तो म्हणाला, “मी गावात राहिलो. अक्का गेली. धाकटा तेव्हा आठ महिन्यांचा होता.”

या उत्तरानंतर दुसऱ्या खर्ड्यातले तपशील, जे नुसते पडून होते, ते कामाला लागले.

> ऊसतोडीत मजुरीचे एकक व्यक्ती नसून जोडी आहे. तोडणे, मोळ्या बांधणे आणि त्या वाहून गाडी भरणे ही कामे दोघांत वाटलेली असतात. उचलही दोघांच्या मिळून होणाऱ्या कामावर दिलेली असते. त्यामुळे आई तान्ह्या मुलाजवळ थांबली तर फक्त तिचा रोज बुडत नाही, पूर्ण कोयत्याचे काम अडते आणि खाडा पडतो. तान्हे मूल असलेल्या कोयत्याला म्हणून फडावर तिसऱ्या माणसाची गरज पडते, मात्र टनावर ठरणाऱ्या मजुरीत या तिसऱ्या माणसाला वाटा नसतो. घरातील जी व्यक्ती स्वतः मजुरी कमावत नाही पण मूल सांभाळू शकते, ती म्हणजे अनेकदा मोठी मुलगी. या अर्थाने तिची शाळेतील गैरहजेरी हा स्थलांतराचा केवळ दुष्परिणाम नाही, कोयता चालू राहण्यासाठी ती लागते. हे खरे असेल तर कोणते मूल सोबत जाते हे पालकांच्या शिक्षणापेक्षा घरात तान्हे मूल आहे की नाही यावर अधिक अवलंबून दिसायला हवे.

आता जुन्या चाचण्या लावा. वाक्यांची अदलाबदल केली तर साखळी तुटते. ‘ऊसतोड’च्या जागी ‘बांधकाम’ घातलं तर पहिलंच वाक्य अडतं, कारण तिथे जोडी हे मजुरीचं एकक असेलच असं नाही. आणि या परिच्छेदातून काय काय गेलं ते बघा: दिवाळी, कर्नाटक, कोप्या, शौचालयं. या गोष्टी महत्त्वाच्या नाहीत असं नाही, या युक्तिवादात त्यांना काम नाही. मेहनतीने जमवलेला तपशील कापताना जीव तुटतो. एक वेगळी फाइल करा, तिला ‘नंतर’ नाव द्या, तिकडे हलवा. माझी ती फाइल आता प्रबंधापेक्षा मोठी आहे.

सगळ्यात महत्त्वाचं वाक्य शेवटचं आहे, ‘हे खरे असेल तर’ने सुरू होणारं. बाकीचा परिच्छेद कितीही पटणारा असला तरी तो अजून दावा आहे, निष्कर्ष नाही. शेवटचं वाक्य सांगतं की दावा खोटा ठरायचा तर काय दिसलं पाहिजे. असं वाक्य लिहिताच येत नसेल तर समजा आपण फिरून तिसऱ्या खर्ड्यात आलोय.

शिवाय हे वाक्य तुम्हाला फील्डवर काय बघायचं तेही सांगतं. शाळेची हजेरी सप्टेंबरची आणि डिसेंबरची शेजारी ठेवायची. गेलेल्या प्रत्येक मुलामागे घरात कोण कोण आहे ते विचारायचं: तान्हं मूल आहे का, गावात आजी आहे का, आजी फडावर येते का. इथे एक खड्डा आहे. पटावर नाव असणं आणि मूल वर्गात असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नुसत्या पटावरून काम केलंत तर कुणी गेलंच नाही असंही दिसू शकतं. म्हणून वर्गात बसून डोकी मोजा, किंवा शेजारच्या बाकावरच्या मुलांना विचारा. कोण कधीपासून येत नाही हे त्यांना तारखेसकट माहीत असतं.

आता याच परिच्छेदाला एक प्रतिस्पर्धी देऊ, कारण व्हायवात कुणीतरी देणारच. समजा परीक्षक म्हणाले, “मुलींना नेतात ते मूल सांभाळायला नव्हे. वयात आलेली मुलगी गावात एकटी कशी ठेवायची, या काळजीने नेतात.” हेही कारण अगदी पटण्यासारखं आहे. दोन्ही कारणांचा परिणाम सारखाच दिसतो: मुलगी शाळेत नाही. मग निवडायचं कसं? दोन्ही कारणं कुठे वेगळी वागतील ते शोधायचं. काळजी हे मुख्य कारण असेल तर बारा-चौदा वर्षांच्या मुली घरात तान्हं मूल नसलं तरी जातील, आणि आठ-नऊ वर्षांच्या मागे राहतील. सांभाळणं हे मुख्य कारण असेल तर आठ-नऊ वर्षांची मुलगीही जाईल, पण तान्हं मूल असलेल्या घरातलीच. म्हणजे मुलींची वयं आणि धाकट्या भावंडांची वयं एकत्र लिहून घेतली तर काही उलगडा होईल. दोन्ही खरं निघालं, वेगवेगळ्या वयांच्या मुलींसाठी वेगवेगळं, तर तो निष्कर्ष दोन्हींपेक्षा चांगला.

आणि पहिल्या खर्ड्यात ‘तरीही’ म्हणून ज्याला बगल दिली होती ते वसतिगृह आता परत येतं. हंगामी वसतिगृह मागे राहिलेल्या मुलाच्या जेवणाखाण्याची, राहण्याची सोय करतं. पण फडावर जो तिसरा माणूस लागतो तो काही वसतिगृह देत नाही. तेव्हा आपला युक्तिवाद बरोबर असेल तर वसतिगृहामुळे मुलगे मागे राहणं सोपं होईल, तान्हं भावंडं असलेल्या मुलींना मात्र त्याचा फारसा फायदा होणार नाही, आणि त्यांच्यासाठी फडाजवळच्या पाळणाघराचा उपयोग जास्त होईल. धोरणाबद्दलचं हे वाक्य आपल्याला वेगळं ‘शिफारशी’ या मथळ्याखाली चिकटवावं लागलं नाही, परिच्छेदातूनच निघालं.

मुलाखतीतलं वाक्य

गुणात्मक संशोधन करणाऱ्यांना वर्णनाची वेगळीच सवय लागते. मुलाखतीतलं वाक्य अवतरणात टाकायचं आणि खाली लिहायचं, ‘यावरून दिसून येते की’.

> एका महिलेने सांगितले, “पोरगी हुशार होती, पण काय करता, नशीब.” यावरून ऊसतोड महिलांची हतबलता दिसून येते.

खालच्या वाक्याने वरच्या वाक्याचं नुसतं भाषांतर केलंय, तेही चुकीचं असू शकेल असं. ‘नशीब’ हा शब्द कोणत्या प्रश्नानंतर आला? तेव्हा शेजारी नवरा होता, मुकादम होता, की ती एकटी होती? आपल्याकडे नको असलेला विषय मिटवायला सर्रास ‘नशीब’ म्हणतात. पेन आणि वही घेऊन आलेल्या अनोळखी माणसाला वाटेला लावायचा तो सभ्य मार्ग आहे. दुसरा खर्डा असा होऊ शकेल:

> मुलीने शाळा का सोडली या थेट प्रश्नाला तिने ‘नशीब’ एवढेच उत्तर दिले. मात्र धाकट्या मुलाच्या जन्माविषयी बोलताना, न विचारता, ती म्हणाली की त्या हंगामात मुलगी नसती तर उचल फिटली नसती. पहिले उत्तर मुलाखतकाराच्या प्रश्नाला आहे, दुसरे तिच्या स्वतःच्या हिशेबाला. निर्णय झाला त्या वेळी तो नशीब म्हणून नव्हे, तर हिशेब म्हणून घेतला गेला असावा.

दोन उत्तरं शेजारी ठेवल्यावरच हे लिहिता आलं, हे लक्षात घ्या. एका अवतरणावर विश्लेषण करणं फार अवघड असतं. त्याच बाईचं दुसरं वाक्य, किंवा दुसऱ्या बाईचं याच प्रश्नावरचं वाक्य, असं काहीतरी शेजारी लागतंच. आणि शेवटी ‘असावा’ आहे, ‘दिसून येते’ नाही. जेवढा पुरावा तेवढंच क्रियापद.

आकड्यांचं वर्णन

आकडे आले की विश्लेषण झालं असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी एक छोटं उदाहरण. विषय बदलतोय, कारण हे कोडं मला फार आवडतं.

> महाराष्ट्रात २००१ मध्ये दर हजार पुरुषांमागे ९२२ स्त्रिया होत्या. २०११ मध्ये हे प्रमाण ९२९ झाले. ० ते ६ वयोगटात २००१ मध्ये हे प्रमाण ९१३ होते, ते २०११ मध्ये ८९४ झाले.

हा तक्ता वाक्यांत वाचून दाखवला. पुढे विद्यार्थी सहसा लिहितो, ‘म्हणजे एकूण परिस्थिती सुधारली, पण बालकांची बिघडली.’ ही फक्त बेरीज-वजाबाकी झाली. खरा प्रश्न असा की एकाच राज्यात, एकाच दहा वर्षांत दोन्ही आकडे उलट दिशेने कसे गेले?

> एकूण लिंगगुणोत्तरात सर्व वयांचे लोक मोजले जातात, त्यामुळे वृद्ध स्त्रियांचे वाढते आयुर्मान आणि कामासाठी राज्यात येणाऱ्या-जाणाऱ्या पुरुषांची संख्या यांचाही त्यावर परिणाम होतो. ० ते ६ वयोगटात या दोन्ही गोष्टींचा प्रभाव जवळजवळ नसतो. तेथे मुख्यतः जन्माच्या वेळचे प्रमाण आणि पहिल्या काही वर्षांतील मृत्यू दिसतात. म्हणून ९२२ चे ९२९ होणे हे मुलींच्या जन्माविषयीचा दृष्टिकोन बदलल्याचे लक्षण मानता येत नाही. तो दृष्टिकोन तपासायचा असेल तर दुसऱ्या आकड्याकडे पाहावे लागते, आणि तो घटला आहे.

नवा आकडा एकही आणला नाही. तेच चार आकडे, पण प्रत्येक आकडा काय मोजतो आणि काय मोजत नाही हे विचारलं. आकड्यांच्या विश्लेषणाचा निम्मा भाग हाच असतो.

मग वर्णन टाकून द्यायचं का?

नाही. आणि इथे मला गाइड मंडळींशी थोडं भांडायचंय, कारण ‘वर्णनात्मक’ हा शब्द शिवीसारखा वापरला जातो. यान ब्रेमन यांनी १९७० च्या दशकात दक्षिण गुजरातमध्ये बारडोली भागातल्या साखर कारखान्यांवर काम केलं. तिथे ऊस तोडायला आपल्या खानदेशातून टोळ्या नेल्या जात. त्यांच्या कामाचा कणा म्हणजे एक साधं निरीक्षण: कारखान्याच्या भोवतीच्या गावांत हळपती भूमिहीन मजूर कामाविना असताना मजूर दुरून का आणले जातात? उत्तर मजुरांच्या तुटवड्यात नव्हतं. बाहेरून आणलेला, उचलीने बांधलेला, दिवसरात्र हाताशी असलेला मजूर मालकांना हवा होता, यात होतं. पण आधी कुणीतरी ते नीट बघितलं, टोळ्या कुठून येतात आणि गावातले कोण रिकामे बसतात हे दोन्ही लिहून काढलं, म्हणून प्रश्न दिसला. चांगल्या वर्णनात कोडं सापडतं. पहिल्या खर्ड्यात दोष वर्णनाचा नव्हता, कोणतंही कोडं न दिसता ते संपलं याचा होता.

म्हणून फील्डनोट्स लिहिताना मी आजही विश्लेषण करत नाही. तिथे जे दिसलं ते, कितीही फालतू वाटलं तरी. ‘धाकटा आठ महिन्यांचा’ हा तपशील कुणीतरी फालतू म्हणून वगळला असता तर पाचवा खर्डा झालाच नसता.

त्या टर्म पेपरचा शेवटचा खर्डा मी सबमिट केला तेव्हा तो अकरा पानांचा होता. समासात ‘मग?’ चार ठिकाणी होतं. तीन मी पुढच्या वर्षभरात सोडवली. चौथं ज्या वाक्यापाशी होतं ते वाक्य असं: ‘हंगाम संपल्यावर एप्रिलमध्ये परत आलेल्या काही मुली जूनमध्ये शाळा सुरू झाली तरी परत जात नाहीत.’ जूनमध्ये कोयता नसतो, खाडा नसतो, आई घरी असते. म्हणजे माझं लाडकं कारण तिथे लागू पडत नाही. मित्राने मला विचारलेला प्रश्नच उलटा होऊन माझ्यापुढे उभा राहिला. माझ्या सिनॉप्सिसचा दुसरा संशोधनप्रश्न आता तोच आहे.